वाऱ्यासाठी थांबलेली माणसे
इतिहासाचा पेपर : भाग ९

या आठवड्याचा प्रश्न : 'मोसमी वाऱ्यांनी मध्ययुगीन हिंदी महासागरातील व्यापार, बंदरे, शेती आणि वस्ती यांना कसा आकार दिला?' (१५ गुण)

'वारे दिशा बदलत, म्हणून अरब व्यापारी भारतात येत,' एवढे सगळेच लिहितात. पण वारा जहाज नेतो तसा अडवूनही ठेवतो. उत्तराचा खरा गाभा या अडकण्यात आहे.

आधी वेळापत्रक पाहू. जून-जुलैत नैर्ऋत्येचा वारा इतका उसळतो की पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे बंदच राहत. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, ते याच कारणाने. म्हणून एडनची जहाजे ऑगस्टच्या अखेरीस, जोर ओसरू लागला की निघत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात भारतात पोहोचत. परत जायला ईशान्येचा वारा हवा. तो हिवाळ्यात वाहतो. तोवर मुक्काम ठरलेला. परतीचा मोसम हुकला, तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत इथेच.

आता शेती. मलबारात मिरीच्या वेलाला जूनच्या पावसात फुलोरा येतो आणि घोस साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत तोडणीला येतात. म्हणजे बंदर बंद करणारा वाराच मळ्यात पीक धरतो आणि माल तयार होतो तेव्हा परतीचा वारा वाहत असतो. 'शेती' हा मुद्दा वेगळा न लिहिता असा व्यापाराला जोडून लिहा.

वस्तीसाठी उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचे घ्या : चौल, अरबांचे 'सैमूर'. दहाव्या शतकाच्या आरंभी, राष्ट्रकूटांच्या काळात अल् मसूदी तिथे आला. तिथे सुमारे १०,००० मुसलमान राहतात, असे त्याने नोंदवले. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, तर काही इथेच जन्मलेले. या दुसऱ्यांना 'बयासिरा' म्हणत. या सगळ्या मुसलमानांचे तंटे सोडवायला राजा त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमत असे. त्याचे पद 'हुनरमन'. मुक्कामाचे घर झाले, घराचा मोहल्ला आणि मोहल्ल्याला स्वतःचा न्याय मिळाला. हा क्रम उत्तरात दिसला पाहिजे. आकडा मात्र प्रवाशाचा अंदाज आहे, शिरगणती नव्हे. तसे स्पष्ट लिहा.

शेवटी मर्यादा सांगा. वारा तर सगळ्या किनाऱ्यावर सारखाच वाहत होता, मग मोठे बंदर चौललाच का? कारण कुंडलिकेच्या मुखाशी जहाजांना आसरा होता, घाटवाटांनी देशावरचा माल उतरत होता आणि राजा परक्या व्यापाऱ्याला सांभाळून घेत होता. केव्हा यायचे हे वाऱ्याने ठरवले. कुठे थांबायचे हे खाडीने, घाटाने आणि राज्याने.

पुढच्या आठवड्यात : याच वाऱ्यावर आफ्रिकेचा किनारा, किल्वा.