वीस मिनिटांत नाडीच्या हिशेबाने व्यायाम

वय 40 असेल, तर 220 मधून वय वजा करून कमाल ठोके मिनिटाला साधारण 180 धरतात. हा अंदाजच; माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

आधी पाच मिनिटं साधं चालायचं. मग एक मिनिट इतकं झपाझप, की पूर्ण वाक्य बोलताना धाप लागावी. थांबल्याबरोबर मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटांनी दहा सेकंद नाडी मोजायची. 24-25 ठोके आले, म्हणजे मिनिटाला सुमारे 150, तर वेग बरोबर आहे. मोजायला उशीर केला तर आकडा फसवा येतो, कारण नाडी झरझर उतरते. जोर करताना मात्र आकड्यामागे धावू नये. ठोके श्रमांच्या मागून वाढतात, म्हणून तिथे घड्याळच बरं.

विश्रांती मात्र नाडीने ठरवावी. रमतगमत चालत राहायचं आणि दहा सेकंदांत 20 ठोके झाले की पुढची फेरी. अशा चार फेऱ्या नवख्याला पुरेत. सुरुवातीला दीड मिनिटात उतरणारी नाडी तीन मिनिटांनीही उतरत नसेल, तर त्या दिवशी तिथेच थांबावं. शेवटी तीन मिनिटं सावकाश चालायचं.

रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके फारसे वाढू देत नाहीत. त्या घेणाऱ्यांनी किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर लगेच थांबून डॉक्टरांना गाठावं.