पुन्हा तोच अलार्म

इंटरनेटवर चालणाऱ्या अनेक कंपन्यांत एक इंजिनिअर आठवडाभर ‘ऑन-कॉल’ असतो. सर्व्हरची तब्येत बिघडली की यंत्रणा त्याच्या फोनवर अलार्म वाजवते, मग दुपारचे दोन असोत की पहाटेचे तीन. सोमवारी सकाळी तो ही जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवतो आणि सोबत एक नोट देतो. बहुतेक नोटा दोन ओळींच्या असतात: ‘मेमरीचा अलार्म आला होता. रीस्टार्ट केलं. आता ठीक आहे.’ पुढच्या माणसालाही चार दिवसांनी तोच अलार्म येतो, तोही रीस्टार्ट करतो आणि तेच लिहितो. असे महिने जातात.

चांगली नोट कशी असते हे पाहायला एक उदाहरण घेऊ. कंपनी कल्पित आहे, पण त्यातला बिघाड या धंद्यातल्या अनेकांच्या ओळखीचा आहे.

पुण्यातली एक कंपनी बसची तिकिटं विकते. पैसे भरले की प्रवाशाला तिकिटाची पीडीएफ मिळते. ती बनवणारा प्रोग्रॅम जावा 8 मध्ये लिहिलेला आहे आणि त्याच्या चार प्रती एकाच वेळी चालतात. प्रत्येक प्रतीला 4 जीबी मेमरीची मर्यादा आहे आणि वापर 85 टक्क्यांवर, म्हणजे साधारण 3.4 जीबीवर गेला की अलार्म वाजतो. दिवाळी तोंडावर आली आहे. नागपूर, लातूर, कोल्हापूरच्या गाड्यांची बुकिंगं जोरात आहेत आणि ऐन गर्दीत काही मोडू नये म्हणून प्रोग्रॅममध्ये नवे बदल चढवणं बंद ठेवलं आहे.

नोटेची सुरुवात इतिहासाने होत नाही. येणाऱ्याला पहिला प्रश्न असतो तो आज रात्री वाजलं तर काय करायचं हा, आणि त्याचं उत्तर पहिल्याच ओळींत आहे:

‘अलार्म वाजला तर लगेच रीस्टार्ट करू नकोस. मेमरी रोज पाव जीबीने वाढते आहे, म्हणजे 3.4 पासून 4 जीबीपर्यंत पोचायला दोन दिवस लागतात. सकाळी उठून बघितलंस तरी चालेल. 3.8 च्या वर गेली तर मात्र रीस्टार्ट कर, पण आधी खालचे आकडे उतरवून घे. एका वेळी एकच प्रत, आणि संध्याकाळच्या गर्दीत नको.’

या चार-पाच ओळींनी येणाऱ्याची झोप वाचते. 4 जीबीची मर्यादा ओलांडली तर लिनक्स त्या प्रोग्रॅमला थेट मारून टाकतं. पडद्यावर `OOMKilled` दिसतं, सोबत 137 हा आकडा येतो आणि त्या क्षणी अर्धवट बनलेली तिकिटं हातची जातात. धोका खरा आहे, पण तो किती लांब आहे हे अलार्म सांगत नाही, ते माणसालाच लिहावं लागतं. रीस्टार्टची घाई नको याचं आणखी एक कारण आहे. रीस्टार्टने मेमरी रिकामी होते आणि तिच्याबरोबर पुरावाही जातो.

पुढचा भाग काय काय तपासलं याचा. पहिली शंका अलार्मवरच घेतली आहे, आणि ते योग्यच आहे. लिनक्स मोकळी मेमरी वाया घालवत नाही. वाचलेल्या फायलींच्या प्रती तिथे ठेवतं आणि गरज पडली की टाकून देतं. त्यामुळे मेमरी ‘भरलेली’ दिसते, पण त्यातला काही भाग हवा तेव्हा परत मिळणारा असतो. अनेक खोटे अलार्म इथूनच येतात. म्हणून नोट लिहिणाऱ्याने ही विभागणी पाहिली:

```
grep -E '^(anon|file) ' /sys/fs/cgroup/memory.stat
```

`anon` म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःसाठी घेतलेली मेमरी आणि `file` म्हणजे फायलींच्या प्रती. अलार्मच्या वेळी पहिला आकडा 3.2 जीबी होता, दुसरा जेमतेम 0.15. म्हणजे अलार्म खरा आहे आणि येणाऱ्याने ही शंका पुन्हा काढायची गरज नाही.

दुसरी तपासणी जावाच्या हीपची. प्रोग्रॅम आपल्या वस्तू हीपमध्ये ठेवतो आणि नको झालेल्या वस्तूंचा कचरा जावा अधूनमधून उचलतं. इथे गळती असेल तर कचरा उचलल्यानंतरचा तळ दिवसेंदिवस वर चढतो. तो चढलेला नाही: पहिल्या दिवशी 900 एमबी, चौथ्या दिवशीही 900. थ्रेडची संख्याही तेवढीच राहिली. नुसतं ‘हीप बघितला, ठीक आहे’ असं लिहिलं असतं तर येणाऱ्याला ते पुन्हा बघावंच लागलं असतं, कारण कधी बघितला आणि ठीक म्हणजे किती हे त्यात कळत नाही.

मग वाढ कुठे आहे? जावाला स्वतःच्या सगळ्या मेमरीचा हिशोब ठेवायला सांगता येतं. मात्र ही सोय प्रोग्रॅम सुरू करतानाच चालू करावी लागते आणि तिने वेग पाच ते दहा टक्क्यांनी कमी होतो. म्हणून सोमवारच्या अलार्मनंतर ती फक्त दोन नंबरच्या प्रतीवर चालू केली. मंगळवारी जावाचा हिशोब 2.1 जीबी होता आणि लिनक्सच्या हिशोबाने `anon` 2.2. शुक्रवारी पुन्हा अलार्म वाजला तेव्हा जावाचा हिशोब तसाच 2.1 होता आणि लिनक्सचा 3.2. वाढलेला पूर्ण एक जीबी जावाच्या वहीत नाहीच. आठवड्याभराच्या कामातलं हे सर्वांत मोलाचं वाक्य आहे आणि नोटेत ते आकड्यांसह, तारखांसह आहे.

इथून पुढे दोन संशयित उरतात. पीडीएफ बनवताना किंवा दाबलेल्या फायली उलगडताना जावा सी भाषेतल्या जुन्या लायब्ररींना काम देतं. त्यांनी घेतलेली मेमरी कुणी परत केली नाही तर ती खरी गळती. दुसरा संशयित जीलिबसी, म्हणजे लिनक्सवर मेमरी वाटणारी मूळ लायब्ररी. अनेक थ्रेड एकदम मेमरी मागू लागले की रांग लागू नये म्हणून ती वेगवेगळी गोदामं उघडते. 64 बिटच्या यंत्रावर दर कोअरमागे आठपर्यंत, म्हणजे आठ कोअर असतील तर 64 पर्यंत. माल उचलला गेला तरी गोदामाच्या टोकाला एखादं पोतं शिल्लक असेल तर ते रिकामं म्हणून परत करता येत नाही. प्रोग्रॅमने सगळं परत केलेलं असतं, तरी लिनक्सच्या लेखी मेमरी अडकलेलीच असते.

नोट लिहिणाऱ्याच्या नजरेत आणखी एक गोष्ट आली होती. वाढ संध्याकाळी होते, रात्री थांबते आणि शुक्रवारी जास्त होते. ती तिकिटांच्या संख्येमागे चालते. यावरून ‘पीडीएफ लायब्ररीच गळते’ असं लिहून टाकायचा मोह होतो. पण गोदामांचा संशय खरा असला तरी आलेख असाच दिसला असता. जो पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच बसतो तो निर्णयाच्या कामाचा नाही. नोटेत हे निरीक्षण ‘दिसलं’ या खाली आहे, ‘कारण’ या खाली नाही.

निवाडा करायला साधा प्रयोग लावला आहे. गोदामांची संख्या बांधून टाकणारी एक सेटिंग असते:

```
MALLOC_ARENA_MAX=2
```

शनिवारी पहाटे दोन आणि तीन नंबरच्या प्रती एकामागोमाग रीस्टार्ट केल्या. दोनवर ही सेटिंग आहे, तीनवर नाही, बाकी दोन्ही सारख्या आणि एकाच वयाच्या. सोमवारी सकाळी तीन नंबर 2.9 जीबीवर आहे, दोन नंबर 2.6 वर. आकडे आशा दाखवतात, तरी नोट म्हणते: ‘यावरून काही ठरवू नकोस. सुरू झाल्यावर पहिला दिवसभर मेमरी तशीही चढते. बुधवारपर्यंत दोघांनाही हात लावू नकोस.’ नव्या जावामध्ये ही अडकलेली मेमरी सोडायला लावणारी आज्ञा आहे, तिने उत्तर काही मिनिटांत मिळालं असतं. जावा 8 मध्ये ती नाही, म्हणून चार दिवस थांबायचं.

आता नोटेचा मला सर्वांत आवडलेला भाग: काय पाहिलं नाही. एक आणि चार नंबरच्या प्रतींचा तपशीलवार हिशोब घेतलेला नाही. पीडीएफ लायब्ररीची जुनी आवृत्ती लावून पाहिलेली नाही. आणि हे कधीपासून होतंय हे माहीत नाही, कारण आलेख ठेवणाऱ्या प्रोमीथिअसमध्ये मूळ सेटिंगनुसार 15 दिवसांचंच माहितीसाठवण असतं आणि इथे ती कुणी बदललेली नाही.

अलार्म मात्र बदल चढवणं बंद झाल्यापासून सुरू झाला हे नक्की आहे, आणि त्यात एक फसगत आहे. एरवी या टीमचे नवे बदल मंगळवारी आणि शुक्रवारी चढतात आणि प्रत्येक वेळी चारही प्रती आपोआप रीस्टार्ट होतात. मेमरी 3.4 पर्यंत पोचायच्या आधीच पाटी कोरी होत असावी. म्हणजे दोष कदाचित वर्षभर जुना असेल, दिसायला लागला तो रीस्टार्ट थांबल्यामुळे. ‘अलार्म सुरू झाला त्या आठवड्यात काय बदललं?’ असं शोधणारा इंजिनिअर इथे रिकाम्या हाताने परतेल, कारण त्या आठवड्यात बदलणंच थांबलं होतं. दिवाळीत हे अधिक बोचतं: तिकिटं वाढतात म्हणून मेमरी जास्त वेगाने चढते आणि रीस्टार्टही होत नाही. रोजची वाढ दुप्पट झाली तर दोन दिवसांची सवड एका दिवसावर येईल. मग वरची ‘सकाळी बघ’ ही सूचनाही बदलावी लागेल, असं नोटेत स्पष्ट लिहिलं आहे.

उरलेली कामं थोडी आहेत. दोन नंबरची वाढ थांबली तर तीच सेटिंग चारही प्रतींवर, एकेक करून, रात्री लावायची. दोन्ही सारख्याच चढल्या तर गळती खरी. मग मेमरी कोण मागतं याची नोंद ठेवणारी जेमॅलॉक ही दुसरी वाटप-लायब्ररी एका प्रतीवर लावायची आणि तोवर दर तिसऱ्या रात्री ठरवून रीस्टार्ट करायचं. काही जणांना ठरवून केलेलं रीस्टार्ट पळवाट वाटतं. मला तसं वाटत नाही. कारण शोधणं चालू आहे तोवर ते करावं, फक्त ‘दुरुस्त झालं’ असं लिहू नये. निकाल काहीही लागो, दोन आणि तीन नंबरवर चालू असलेला जावाचा हिशोब शेवटी बंद करायचा आहे. तो विसरला तर ऐन दिवाळीत दोन प्रती उगाच संथ चालतील आणि त्याचं कारण कुणालाच सापडणार नाही.

बुधवारी सकाळी तीन नंबर 3.4 च्या आसपास पोचलेली असेल. त्या वेळी दोन नंबर किती आहे हा आकडा येणाऱ्याने याच नोटेत, वेळेसह, खाली लिहायचा आहे.