बी-१२चा आकडा उंबरठ्यावर अडतो तेव्हा

बी-१२चा रिपोर्ट आला की आपण आधी आकडा पाहतो, मग शेजारच्या रकान्यातली मर्यादा. आकडा मर्यादेत बसला की कागद फाइलीत जातो. पण आकडा अगदी उंबरठ्यावर असला तर काय करायचं, हे रिपोर्टवर लिहिलेलं नसतं. ते समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेऊ. उदाहरण रचलेलं आहे, पण दवाखान्यात बसणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला ते ओळखीचं वाटेल.

एक निवृत्त काका आहेत, वय ६१. आयुष्यभर शाकाहारी, रोज कपभर दूध आणि जेवणात ताक. मधुमेहासाठी आठ वर्षं मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. पाच-सहा महिन्यांपासून दोन्ही तळपायांना मुंग्या येतात आणि रात्री चालताना जमीन नीट लागत नाही. हिमोग्लोबिन १३.४, तांबड्या पेशींचा आकारही नेहमीसारखा. बी-१२ आलं २४२ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. प्रयोगशाळेची खालची मर्यादा २००, म्हणजे रिपोर्ट ‘नॉर्मल’. काकू म्हणतात, “बघा, सगळं व्यवस्थित आहे, मुंग्या साखरेच्याच.” असतीलही. मधुमेहाने पायाच्या नसा बिघडतात, हे खरंच आहे. पण २४२ हा आकडा काकूंची बाजूही घेत नाही आणि विरोधातही जात नाही.

असं का, हे पाहायला बी-१२ रक्तातून कसं फिरतं ते पाहावं लागतं. ते मोकळं फिरत नाही, प्रथिनांना चिकटून फिरतं. त्यातला मोठा हिस्सा, साधारण चार पंचमांश, हॅप्टोकोरिन नावाच्या प्रथिनावर असतो आणि तो बहुतेक पेशींच्या उपयोगाचा नसतो. उरलेला पाचवा हिस्सा ट्रान्सकोबालामिनवर असतो, आणि पेशींच्या दारात पोचतं ते एवढंच. नेहमीची चाचणी दोन्ही हिस्से एकत्र मोजते. गोदामात पोती किती हे तिने सांगितलं, पण त्यातली किती पोती दुकानापर्यंत पोचणार हे सांगितलं नाही. आकडा १०० असेल तर अडचण नाही, इतक्या कमी साठ्यात दुकान चालणार नाही हे उघड आहे. ६०० असेल तर सहसा काळजी नसते. मधल्या पट्ट्यात मात्र एकाच आकड्याची दोन माणसं आढळतात, एक ठणठणीत आणि एक खरोखर उपाशी. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२४च्या मार्गदर्शनात हा पट्टा १८० ते ३५० असा धरला आहे. काही जण २०० ते ३०० धरतात. काकांचे २४२ कोणत्याही हिशेबाने मध्येच पडतात.

साठा मोजून कळत नसेल, तर काम होतंय का ते पाहावं. माणसाच्या शरीरात बी-१२ची कामं दोनच आहेत, त्यामुळे हे तपासणं शक्य होतं. पहिलं काम होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचं पुन्हा मेथिओनिन करण्याचं. त्यात फोलेट आपल्याकडचा मिथाइल गट देतं आणि बी-१२ तो हातोहात पोचवतं. दुसरं काम पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात चालतं. काही अमिनो आम्लं आणि काही प्रकारची मेदाम्लं जाळताना मिथाइलमॅलोनिल नावाचा एक टप्पा येतो. बी-१२ असलं तर तो सक्सिनिलमध्ये बदलतो आणि ऊर्जेच्या चक्रात शिरतो. बी-१२ नसलं तर माल तिथेच तुंबतो आणि मिथाइलमॅलोनिक आम्ल बनून रक्तात सांडतो. प्रयोगशाळेत त्याला एमएमए म्हणतात. म्हणजे बी-१२ कमी पडलं की होमोसिस्टीन आणि एमएमए दोन्ही वाढतात, आणि रक्तातला साठा ‘नॉर्मल’ दिसत असतानाही वाढू शकतात.

यातला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. पहिल्या कामात फोलेट भागीदार आहे, दुसऱ्यात नाही. म्हणून फोलेट कमी असलं तरी होमोसिस्टीन चढतं, एमएमए सहसा चढत नाही. न्यूयॉर्कच्या सॅव्हेज आणि लिंडनबाउम यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९९४ साली हे रुग्णांवर दाखवून दिलं. बी-१२च्या कमतरतेच्या ४३४ प्रसंगांत ९८.४ टक्के वेळा एमएमए वाढलेलं होतं आणि ९५.९ टक्के वेळा होमोसिस्टीन. फोलेटच्या कमतरतेत मात्र होमोसिस्टीन ९१ टक्के आणि एमएमए फक्त १२.२ टक्के. एमएमएची साक्ष नेमकी असते. होमोसिस्टीन कुणाकुणाची भांडणं एकत्र सांगतं: फोलेट, बी-६, मंदावलेलं थायरॉइड, मूत्रपिंड, काही औषधं.

आता काकांच्या चाचण्यांकडे वळू. होमोसिस्टीन जवळपास सर्वत्र होतं आणि एमएमएपेक्षा स्वस्त असतं, म्हणून ते आधी केलं. आकडा आला २४ मायक्रोमोल प्रति लिटर. सर्वसाधारण मर्यादा १५. इथेच थांबून इंजेक्शन द्यावंसं वाटतं. पण रक्त सकाळी सातला घरी येऊन घेतलेलं होतं, आणि ट्यूब दुपारपर्यंत पिशवीतच होती. काढलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी ट्यूबमध्येही होमोसिस्टीन सोडत राहतात. खोलीच्या तापमानाला ते तासाला साधारण दहा टक्क्यांनी वाढतं. म्हणजे खरा आकडा १२ असलेल्या माणसाच्या ट्यूबमध्ये चार तासांनी १६-१७ दिसेल आणि निरोगी माणूस आजारी ठरेल. रक्त तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या करायच्या, किंवा तोवर ट्यूब बर्फावर ठेवायची, एवढंच करायचं असतं. घरी नमुने गोळा करण्याच्या सोयीत हेच सर्वांत जास्त चुकतं, असं माझं मत आहे. आणि ही चूक रिपोर्टवर कुठेही दिसत नाही. ट्यूब किती वाजता भरली आणि किती वाजता फिरवली, हे आपणच विचारावं लागतं.

काकांनी प्रयोगशाळेत जाऊन रक्त पुन्हा दिलं. या वेळी ते लगेच फिरवलं, आकडा आला १९. अजूनही वाढलेलाच, पण आता त्यावर विश्वास ठेवता येतो. त्याच नमुन्यातून फोलेट, थायरॉइडचं टीएसएच आणि क्रिएटिनिन पाहिलं, तिन्ही ठीक. क्रिएटिनिन ०.९. एमएमएचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे गेला, कारण ते द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीवर मोजतात आणि ती यंत्रं सगळीकडे नसतात. एमएमए होमोसिस्टीनसारखं हट्टी नाही, प्रवासात ते फारसं बदलत नाही. काही दिवसांनी आकडा आला ०.६२ मायक्रोमोल प्रति लिटर. प्रयोगशाळेप्रमाणे वरची मर्यादा ०.२७ ते ०.४० च्या दरम्यान असते, आणि ०.६२ कोणत्याही मर्यादेच्या पलीकडे आहे. दोन्ही वाढलेले, मूत्रपिंड ठीक, फोलेट ठीक. काकांच्या पेशींना बी-१२ कमी पडतंय.

मुंग्या नक्की त्यामुळेच आहेत का? ते या आकड्यांतून कळत नाही. साखर आणि बी-१२ दोघांचाही हात असू शकतो. मेटफॉर्मिन आतड्यातून बी-१२ शोषलं जाण्यात अडथळा आणतं, त्यामुळे काकांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पण बी-१२ची बाजू दुरुस्त करता येते आणि नसांचं नुकसान उशिराने भरून येत नाही. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. लिंडनबाउम यांच्याच १९८८च्या अभ्यासात बी-१२च्या कमतरतेमुळे मज्जासंस्थेची किंवा मानसिक लक्षणं असलेल्या १४१ रुग्णांपैकी ४० जणांना रक्तक्षयही नव्हता आणि पेशीही मोठ्या झालेल्या नव्हत्या.

आता एवढंच बदलू: काकांचं क्रिएटिनिन ०.९ऐवजी २.१ आहे. मूत्रपिंड मंद चाललं की एमएमए आणि होमोसिस्टीन दोन्ही रक्तात साचतात, मग बी-१२ भरपूर असलं तरी. अशा वेळी ०.६२ चा अर्थ ‘कदाचित’ एवढाच होतो. क्रिएटिनिनशिवाय एमएमएचा रिपोर्ट वाचू नये, असं मी म्हणतो ते यासाठी. मग करायचं काय? बी-१२ सुरू करून दोन महिन्यांनी एमएमए पुन्हा मोजायचं. ते नीट उतरलं तर कमतरता होतीच, उतरलं नाही तर चढ मूत्रपिंडाचा होता. याच परीक्षेसाठी रक्तातलं बी-१२ मोजू नये. इंजेक्शननंतर साठ्याचा आकडा काही दिवसांतच आभाळाला टेकतो आणि त्याने काहीच कळत नाही.

उलटा प्रकारही असतो. होमोसिस्टीन १९, पण एमएमए ०.१८. तेव्हा बी-१२ला सहसा दोष द्यायचा नाही, फोलेट आणि थायरॉइडकडे वळायचं.

आपल्याकडे हा विषय किती पसरलेला आहे, हे पुण्यात दिसलं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि नॉर्वेच्या हेल्गा रेफसुम यांच्या गटाने २००१ साली पुण्यातल्या २०४ स्त्री-पुरुषांचं रक्त तपासून अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत मधुमेही होते, हृदयरोगी होते, निरोगीही होते, त्यामुळे हे आकडे सगळ्या पुण्याचे समजू नयेत. बी-१२ चा साठा ४७ टक्के लोकांत कमी निघाला, पण एमएमए ७३ टक्क्यांत आणि होमोसिस्टीन ७७ टक्क्यांत वाढलेलं होतं. नुसता साठा मोजला असता तर चौथ्या हिश्श्याएवढी माणसं ‘नॉर्मल’ म्हणून घरी गेली असती.

पुरवणी चाचण्या प्रत्येकाला लागत नाहीत. बी-१२ शंभराच्या घरात असून लक्षणं असली तर एमएमएवर पैसे घालू नयेत, सरळ उपचार करावेत. मधल्या पट्ट्यात मात्र त्या घ्याव्यात, आणि इंजेक्शनच्या आधी घ्याव्यात. उपचार सुरू झाला की एमएमए आणि होमोसिस्टीन एक-दोन आठवड्यांतच खाली येतात, आणि मग आधी कमतरता होती की नव्हती हे कोणालाच सांगता येत नाही. रक्त देताना प्रयोगशाळेच्या फॉर्मवर तुम्ही शेवटची बी-१२ची गोळी किंवा इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतलं, ते लिहा. मल्टिव्हिटॅमिनमधलं बी-१२सुद्धा त्यात मोजा.