वर्गात झोप, हसताना कोसळणं, छातीवर 'भूत': तिन्हींमागं एकच आजार असू शकतो

वर्गात बसल्या बसल्या झोपणारं पोरगं आळशी ठरतं. हसता हसता खाली बसणाऱ्या बाईला 'फीट आली' म्हणतात. पहाटे जाग आली, पण हातपाय हलेनात, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटलं, की घरचे देवऋषीकडं नेतात. ही तिन्ही लक्षणं एकाच माणसात दिसत असतील, तर 'नार्कोलेप्सी' या झोपेच्या आजाराची शंका घ्यायला हवी.

साधी झोप कशी येते?

आपण आडवं झालो की आधी हलकी आणि मग गाढ झोप लागते. साधारण दीड तासानं पहिल्यांदा 'रेम' झोप येते. या झोपेत बंद पापण्यांखाली डोळे भिरभिरतात आणि ठसठशीत स्वप्नं पडतात. स्वप्नात पळताना खरोखर पाय हलू नयेत म्हणून मेंदू अंगाचे स्नायू ढिले सोडतो. श्वास आणि डोळे तेवढे चालू राहतात. असं चक्र रात्रीत चार-पाच वेळा फिरतं.

नार्कोलेप्सीत हा क्रम मोडतो. डोळा लागल्यापासून पंधरा मिनिटांच्या आतच रेम झोप सुरू होऊ शकते. माणूस अजून अर्धा जागा असतो, तोवर स्वप्न सुरू होतं आणि अंगही लुळं पडतं. छातीवर बसलेलं 'भूत' ते हेच. मात्र असा अनुभव निरोगी माणसालाही कधीमधी येतो, त्यामुळं तेवढ्यावरून घाबरू नका.

क्रम का मोडतो?

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथल्या काही पेशी 'ओरेक्सिन' हे रसायन तयार करतात. ते आपल्याला सलग जागं ठेवतं आणि रेम झोपेला अवेळी आत येऊ देत नाही. या रसायनाचा शोध 1998 साली लागला. पुढं 2000 साली मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा या पेशी 85 ते 95 टक्के कमी झालेल्या आढळल्या. शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच चुकून त्या मारते, असा शास्त्रज्ञांचा दाट संशय आहे. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. म्हणून आजार औषधांनी आटोक्यात राहतो, पण मुळापासून जात नाही.

फीट आहे की नार्कोलेप्सी?

ओरेक्सिन नसलं की जागेपणीही रेमचा एखादा तुकडा घुसतो. जोराचं हसू आलं, की अचानक गुडघे दुमडतात, मान खाली पडते, बोलणं अडखळतं. याला 'कॅटाप्लेक्सी' म्हणतात. हे काही सेकंद ते दोन मिनिटं टिकतं आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. आजूबाजूला कोण काय बोललं, ते नंतर सांगतो. मोठ्या फीटमध्ये शुद्ध हरपते, अंग ताठ होऊन झटके येतात, जीभ चावली जाऊ शकते आणि नंतर काही वेळ माणूस गोंधळलेला असतो. शक्य असेल तर घटनेचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरला त्याचा मोठा उपयोग होतो. काही रुग्णांत कॅटाप्लेक्सी नसते. त्यांच्यात ओरेक्सिन बहुधा ठीक असतं, आणि निदान अवघड जातं.

तपासणी कशी होते?

रुग्णाला रात्रभर यंत्र लावून झोपवतात. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी, अशा पाच वेळा डुलकी घ्यायला लावतात. उदाहरण घ्या. एका रुग्णाला झोप लागायला 4, 3, 6, 5 आणि 2 मिनिटं लागली. बेरीज 20, म्हणजे सरासरी 4 मिनिटं. पाचपैकी तीन डुलक्यांत लगेच रेम आली. सरासरी 8 मिनिटं किंवा त्याहून कमी, आणि किमान दोनदा लवकर रेम, असं आलं तर नार्कोलेप्सीकडं बोट जातं.

इथं आपल्या जिल्ह्यासाठी महत्त्वाची गोष्ट. कारखान्यावर ऊसतोडीला गेलेला माणूस मध्यरात्रीनंतर उठून गाडी भरायला जातो. झोप अशी महिनोन् महिने तुटली, तर निरोगी माणसाचीही तपासणी नार्कोलेप्सीसारखी येऊ शकते. म्हणून आधी एक-दोन आठवडे पुरेशी झोप घ्या, किती वाजता झोपलो-उठलो ते वहीत लिहा आणि मगच तपासणी करा. घोरणं असेल, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. गोळ्या मनानं बंद करू नका.

करायचं काय?

पुरेशी झोप घेऊनही तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ दिवसा झोप आवरत नसेल, तर मेंदूविकार तज्ज्ञाला दाखवा. सुरुवात अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून करता येईल. झोपेची तपासणी मात्र मोठ्या शहरात करावी लागू शकते. जागं ठेवणारी आणि कॅटाप्लेक्सी कमी करणारी औषधं आहेत. दुपारी ठरलेल्या वेळी पंधरा-वीस मिनिटांची डुलकीही कामी येते. तोवर मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवू नका, विहिरीच्या कडेला एकटं जाऊ नका. आणि पोरगं वर्गात झोपत असेल, तर आधी शिक्षकांना भेटून ते नेमकं कधी आणि कसं झोपतं, हे विचारून घ्या.