‘हे तेव्हाच का नाही लिहिलं?’

दावा दाखल होऊन दोन वर्षं झालेली असतात आणि एक दिवस पक्षकार नवा कागद घेऊन वकिलाच्या टेबलापाशी उभा राहतो. वादपत्रात त्या कागदाचा उल्लेख नसतो. मग द्यावा लागतो तो दावा दुरुस्तीचा अर्ज. त्याला आधार दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश 6, नियम 17 चा.

एक कल्पित पण नेहमीचं उदाहरण घेऊ. वडील वारले, मागे दोन एकर जमीन, वारस भाऊ आणि बहीण. मार्च 2022 मध्ये बहिणीनं वाटपाचा दावा लावला. सोबत फेब्रुवारी 2022 चा सातबारा जोडला. त्यावर दोघांचीच नावं होती आणि जमीन भाऊच कसत होता. जून 2024 मध्ये तिनं सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र दिलं. जुलैत तलाठ्याची फेरफाराची नोटीस आली. भावानं 2021 मध्येच, आपण एकटेच मालक आहोत असं दाखवून, एक एकराचं खरेदीखत नोंदवून दिलं होतं. खरेदीदारानं नोंदीसाठी अर्ज केला तो आत्ता.

आता वादपत्रात खरेदीखताची हकिगत घालायला हवी, खरेदीदाराला प्रतिवादी करायला हवं आणि ‘हे खरेदीखत माझ्या हिश्शावर बंधनकारक नाही’ अशी मागणी वाढवायला हवी. नाहीतर वाटपाचा हुकूमनामा मिळाला तरी खरेदीदार म्हणेल, मी त्या दाव्यात नव्हतोच.

अडचण एकच, सुनावणी सुरू झालेली आहे. प्रतिज्ञापत्रावर सरतपासणी आली की सुनावणी सुरू झाली असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये विद्याबाई विरुद्ध पद्मलता या निकालात धरलं आहे. 1 जुलै 2002 पासून लागू झालेल्या परंतुकानुसार, त्यानंतर दुरुस्ती हवी असेल तर योग्य ती तत्परता दाखवूनही ही बाब आधी मांडता आली नसती, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते.

अर्जाचा कस लागतो तो इथे. पुष्कळ अर्जांत एकच वाक्य असतं : ‘सदर मजकूर नजरचुकीने लिहावयाचा राहून गेला.’ म्हणजे बाब ठाऊक होती, लिहिली नाही, एवढंच त्यातून कळतं. तत्परतेचा त्यात मागमूस नसतो. या बहिणीनं तारखा मांडायला हव्यात. दाव्याआधी सातबारा काढला तेव्हा खरेदीदाराचं नाव नव्हतं. ताबा बदललेला नव्हता. भावाच्या कैफियतीत विक्रीबद्दल अवाक्षर नव्हतं. नोटीस अमुक तारखेला मिळाली, दुय्यम निबंधकाकडून खरेदीखताची नक्कल अमुक तारखेला आली आणि अर्ज त्यानंतर लगेच दिला. प्रत्येक तारखेचा कागद अर्जासोबत आणि सगळ्याला तिचं प्रतिज्ञापत्र.

समोरचा वकील म्हणेल, ‘दस्त नोंदणीकृत होता, शोध घेतला असता तर सापडला असता.’ त्याला उत्तर सातबारा आणि ताबा हेच. शंका घ्यावी असं तिच्यासमोर काही नव्हतं. पण नोटीस हाती पडल्यावर ती वर्षभर गप्प बसली असती, तर हेच उत्तर लुळं पडलं असतं.

अर्जात काय बदलायचं तेही नेमकं लागतं. कोणत्या परिच्छेदानंतर कोणता मजकूर घालायचा, विनंतीच्या परिच्छेदात कोणतं कलम वाढवायचं, हे शब्दशः द्यायचं. नव्या मागणीचं मूल्यांकन आणि कोर्ट फीही पाहायची.

खरेदीखत खरं की खोटं, याचा निवाडा या टप्प्यावर होत नाही, तो पुराव्यानंतर. न्यायालय बघतं ते वेगळं. वादाचा निकाल लागायला ही दुरुस्ती गरजेची आहे का? दाव्याचं मूळ स्वरूप बदलतं का? समोरच्याचं असं नुकसान होतं का, जे खर्चाच्या रकमेनं भरून येणार नाही? वाटपाचा दावा इथे वाटपाचाच राहतो. ‘जमीन वडिलांची’ म्हणून आलेली वादी उद्या ‘ती मीच विकत घेतली होती’ म्हणू लागली, तर मात्र ती दुरुस्ती नव्हे, दुसराच दावा झाला.

मुदतीचंही भान हवं. दुरुस्ती साधारणपणे दावा दाखल झाल्या दिवसापासून धरली जाते, पण नव्यानं आणलेल्या प्रतिवादीपुरता दावा सामान्यतः तो सामील झाला त्या दिवशी लावला असं मानतात. म्हणून खरेदीदाराच्या बाबतीत उशीर जास्त महाग पडतो.

अर्ज मंजूर झाला की काम संपलं असं समजून कित्येकजण निवांत होतात. नियम 18 प्रमाणे हुकुमात दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर 14 दिवसांत, दुरुस्ती प्रत्यक्ष वादपत्रात करावी लागते. ती वेळ चुकली आणि न्यायालयानं मुदत वाढवून दिली नाही, तर मिळालेली परवानगी वाया जाते. तेव्हा नवा कागद हाती आला की त्यावर मिळाल्याची तारीख त्याच दिवशी टिपा आणि तो लिफाफ्यासकट वकिलाकडे द्या.