'किती' की 'का'?

समाजकार्य शिकणारी एक मुलगी प्रबंधासाठी आमच्या गटाकडे आली. विषय होता कमी होत चाललेल्या मुलींचा. पद्धत ठरत नव्हती. आम्ही म्हटलं, "ताई, तुला 'किती' विचारायचंय की 'का', ते आधी ठरव."

जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ८८० मुली होत्या, २०११ मध्ये ८४२. ही झाली संख्यात्मक पद्धत. मुली घटल्या हे त्यातून कळतं, पण घरात निर्णय कोणी घेतला ते कळत नाही. शिवाय एकाच गावातली चाळीस लेकरं मोजली, तर चार-दोन मुलींचा फरक योगायोगानेही पडतो.

'का' विचारायचं तर गुणात्मक पद्धत. दहा-पंधरा बायांशी एकेकटीशी निवांत बोलायचं, कारण सासू शेजारी बसली की उत्तर बदलतं. नवं काही ऐकू येईनासं झालं की थांबायचं. मात्र त्यावरून "जिल्ह्यातल्या निम्म्या बाया असं म्हणतात" असं लिहिता येत नाही.

तिने 'का' निवडलं. आकडे जनगणनेचेच घेतले. नाव छापणार नाही, हे तिने आधीच सांगितलं, तेव्हा कुठे बाया बोलत्या झाल्या.