आम्लात पाणी का ओतायचं नाही?

नववीत आम्ल-आम्लारी शिकायला लागलं की मुलं खऱ्या अर्थाने प्रयोगशाळेत शिरतात. भिंतीवर नियमांचा फलक असतो, पण तो कुणी वाचत नाही. मला यात मुलांचा फारसा दोष वाटत नाही. नुसतं ‘करू नये’ लिहिलेलं वाचून कोण थांबतं? म्हणून पहिल्या तासाला शिक्षकांनी फलक बाजूला ठेवून प्रत्येक नियमामागचं कारण सांगावं.

सुरुवात सल्फ्युरिक आम्लापासून करू. संहत आम्ल विरल करायचं काम शिक्षकांचं, पण ते कसं करतात हे मुलांनी नीट पाहायला हवं. चंचुपात्रात आधी ९० मिलिलिटर पाणी घ्यायचं. मग १० मिलिलिटर आम्ल पात्राच्या कडेने, थोडं थोडं सोडत, काचकांडीने ढवळत राहायचं. पात्राला बाहेरून हात लावला तर ते चांगलंच गरम लागतं, कारण आम्ल पाण्यात मिसळताना भरपूर उष्णता बाहेर पडते. एवढ्या प्रमाणात मिश्रणाचं तापमान साधारण ३० अंशांनी वाढतं. आम्ल पाण्याहून जवळजवळ पावणेदोनपट जड असल्यामुळे ते खाली उतरतं, पसरतं आणि ही सगळी उष्णता भोवतालचं पाणी पोटात घेतं.

आता उलट करून पाहू, अर्थात मनातल्या मनात. आम्लावर पाणी ओतलं तर हलकं पाणी वरच तरंगतं. जिथे दोन्ही भेटतात तेवढ्या पातळ थरातच सगळी उष्णता तयार होते. तिथलं पाणी क्षणात उकळतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ आम्लाचे शिंतोडे थेट ओतणाऱ्याच्या तोंडावर उडवते.

शिंतोड्यांवरून चष्म्याकडे येऊ. मुलांना भीती वाटते ती आम्लाची. सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, त्यांना साबणासारखा बुळबुळीत आणि निरुपद्रवी वाटतो. डोळ्याच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा आम्लारीच जास्त घातक ठरते. आम्लाने वरची प्रथिनं गोठतात आणि त्यांचा थर आम्लाला आत जाताना काहीसा अडवतो. आम्लारी पेशींच्या आवरणातल्या मेदाचा साबण करत आत शिरत राहते. म्हणून डोळ्यात काही उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरायचं, पापण्या उघड्या ठेवून निदान १५ मिनिटं धुवायचं आणि मग डॉक्टरांकडे जायचं. आम्लारीवर उतारा म्हणून आम्ल टाकण्याची अक्कल कुणी चालवू नये. उदासिनीकरणातही उष्णता निर्माण होते आणि धुण्यातला मोलाचा वेळ वाया जातो.

परीक्षानळी तापवण्याचे दोन नियम मुलांना एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. द्रव तापवताना नळी तिरकी, तोंड वर आणि माणसांपासून दूर; नळी एक तृतीयांशाहून जास्त भरायची नाही आणि ज्योतीत एका जागी न धरता हलवत ठेवायची. बुडाशीच आच दिली तर तिथे एकदम वाफ धरते आणि वरचा सगळा द्रव पिचकारीसारखा बाहेर फेकला जातो. मोरचुदाचे निळे खडे तापवताना मात्र तोंड किंचित खाली झुकवायचं. खड्यांतलं स्फटिकजल वाफ होऊन निघतं आणि नळीच्या थंड तोंडाशी त्याचे थेंब जमतात. तोंड वर असेल तर ते थेंब ओघळून तापलेल्या काचेवर येतात आणि नळी तडकते. कारण माहीत असलेला मुलगा दोन्हींत गोंधळत नाही, पाठ केलेला हमखास गोंधळतो.

चव घेऊन पाहू नये, हे तर सांगायलाच नको असं वाटेल. पण ऑक्सिजनच्या शोधात मोठा वाटा असलेला स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ शेले पदार्थांची चव बेधडक घेत असे. १७८६ मध्ये, अवघ्या ४३व्या वर्षी तो गेला. विषारी पदार्थांशी आलेला संपर्क त्याच्या मृत्यूला कारणीभूत असावा, असं पुष्कळांना वाटतं. वासही नाक खुपसून घ्यायचा नाही; हाताने हवा आपल्याकडे वळवायची, म्हणजे वायू थोडाच येतो आणि नाक वेळीच सावध करतं.

उरलेलं रसायन बाटलीत परत न टाकण्यामागेही कारण आहे. चमच्याला किंवा नळीला दुसरं काही लागलेलं असलं तर पूर्ण बाटली खराब होते आणि पुढच्या तुकडीचा प्रयोग फसतो. उरलेली दोन रसायनं एकत्र ओतणं तर त्याहून वाईट.

हा शेवटचा नियम घरच्या मोठ्यांसाठीही आहे. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो श्वास कोंडतो.